सोसायटीचा गणेशोत्सव : समिती दरवर्षी बदलते, मग ओळख तीच कशी ठेवायची?

रेवती_ठाणे

नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडवर आमची सात इमारतींची सोसायटी आहे. यंदा आमच्या गणपतीचं १८ वं वर्ष. उत्सव समिती दरवर्षी नवी निवडतो, आणि ते बरंच आहे, कारण नव्या लोकांना हौस असते. पण प्रत्येक समिती सगळं पहिल्यापासून करते.

परवा क्लब हाउसच्या टेबलावर जुनी पत्रकं, पावती पुस्तकं, टीशर्ट आणि बॅनरचे फोटो मांडून बसलो. २०१९ ला 'गणेशोत्सव' गुबगुबीत अक्षरांत, पिवळ्यावर लाल. २०२२ ला सोनेरी, मागे जाड काळी सावली. २०२४ ला जांभळा रंग आणि टीशर्टवर सोसायटीची फक्त इंग्रजी आद्याक्षरं. नावही एक नाही. कुठे 'श्री गणेशोत्सव', कुठे 'सार्वजनिक गणेशोत्सव', कुठे 'गणेश महोत्सव'. आरती तीच, मोदकांचा प्रसाद करणाऱ्या काकू त्याच, विसर्जनाचं लेझीम तेच, पण कागदावर पाहिलं तर चार वेगळ्या मंडळांचा पसारा वाटतो.

यंदा अधिक ज्येष्ठामुळे चतुर्थी लांबली, १४ सप्टेंबरला आहे, म्हणून हातात वेळ आहे. आमच्याच इमारतीतली एक मुलगी उपयोजित कला शिकते, ती काढायला तयार आहे. तेव्हा 'लोगो कोण करून देईल' हा प्रश्न नाही. कायमचं काय ठरवायचं, दरवर्षीच्या समितीसाठी मोकळं काय ठेवायचं, आणि ठरवलेलं पुढच्यांच्या हाती नीट कसं पोचवायचं, हे विचारायचं आहे.

मिहीर_के

सोपं आहे. दोन रंगांचे कोड ठरवा, उदाहरणार्थ केशरी `#FF6A00` आणि एक गडद निळा. एक फॉन्ट ठरवा. कॅनव्हावर बॅनर, पत्रक आणि व्हॉट्सअॅप पोस्टचे टेम्प्लेट करून लिंक ग्रुपवर टाका. पुढच्या समितीने मजकूर बदलायचा आणि डाउनलोड करायचं. आमच्या कंपनीत हेच चालतं, कोड एकच असला की रंग सगळीकडे एकच येतो.

नाना_गिरगाव

रेवतीताई, उत्सवाची ओळख मूर्तीत असते. गिरगावात केशवजी नाईक चाळीचा गणपती १८९३ पासून बसतो. तिथे मूर्ती लहानच असते, थाट साधाच असतो, म्हणून माणूस आत शिरला की कुठे आलो ते कळतं. तुम्ही मूर्तिकार आणि मूर्तीची उंची दरवर्षी तीच ठेवा, बॅनरच्या रंगाने काही अडत नाही. आमच्या चाळीत मूर्तिकाराची तिसरी पिढी आहे.

रेवती_ठाणे

नाना, मूर्तीचं पटलं, आमची शाडूची अडीच फुटांचीच असते आणि ते बदलायचं नाही. माझा प्रश्न पत्रक, बॅनर, पावती, टीशर्ट यांचा होता.

शाईवाला

डोंबिवलीत माझं छपाईचं दुकान आहे, फ्लेक्स आणि ऑफसेट दोन्ही.

मिहीर, टेम्प्लेटची कल्पना चांगली आहे, ती ठेवाच. पण कोड एक असला की रंग एक येतो हे पडद्यापुरतं खरं. तुमचा `#FF6A00` मोबाइलवर पेटल्यासारखा दिसतो, कारण तिथे तो प्रकाश आहे. फ्लेक्सवर तो चार शायांतून तयार होतो आणि त्या शायांना इतका झगझगीत केशरी काढताच येत नाही. मशीन त्यातल्या त्यात जवळचा रंग काढतं, तो मळकट नारिंगी किंवा विटकरीकडे झुकतो. हंगामात माझ्या काउंटरवर सगळ्यात जास्त वाद याच एका रंगावरून होतात. 'मोबाइलवर असा नव्हता' हे गिऱ्हाइकाचं म्हणणं खरंच असतं, पण त्यावर छापणाऱ्याकडे इलाज नसतो.

म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी छापून बघा, त्यातला आवडलेला रंग कायम करा आणि त्याला जुळेल असा कोड पडद्यासाठी निवडा. तुम्हाला शेंदरी हवा असं धरू. एक फूटभर रुंद पट्टी करा. तिच्यात चौकोन पाडा: यलो सगळ्यांत १००, मॅजेंटा ६०, ६५, ७०, ७५, ८०, आणि सायन व काळा शून्य. प्रत्येक चौकोनाखाली त्याचे आकडे छापा. पट्टी तुम्ही नेहमी वापरता त्याच जातीच्या फ्लेक्सवर काढून घ्या आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली बघू नका. बाहेर उजेडात, गेटवर जिथे बॅनर लागणार तिथे धरून बघा. एक चौकोन निवडा, कापा, मागे तारीख, फ्लेक्सची जात आणि आकडे लिहा आणि सोसायटीच्या ऑफिसातल्या फायलीत ठेवा.

तो कापलेला तुकडा हाच तुमचा खरा रंग. पुढच्या वर्षी दुकान बदललं तर तेच आकडे देऊनही रंग थोडा हलणार, कारण मशीन वेगळं आणि फ्लेक्सचा पांढरेपणाही वेगळा. अशा वेळी दुकानदारापुढे तुकडा ठेवायचा आणि 'याला जुळवून आधी छोटा नमुना काढून दे' म्हणायचं. टीशर्टच्या स्क्रीन प्रिंटिंगमध्ये तर शाई डब्यात हाताने मिसळतात, तिथे मॅजेंटा ७५ म्हणून उपयोग नाही. कारागीर तुकडा बघूनच रंग जुळवतो.

कौस्तुभ_आर

मला यातली एक गोष्ट खटकते. आम्ही पुण्यात दरवर्षी नवीन थीम करतो. एकदा पुस्तकांची दुनिया, एकदा वारी, एकदा समुद्र. पोरांना त्यातच मजा येते. तोच रंग, तीच अक्षरं दरवर्षी दिली तर त्यांनी करायचं काय? समुद्राच्या थीमवर शेंदरी बॅनर लावायचा?

अक्षरवेडी

कौस्तुभ, नानांच्या उत्तरातच तुमचं उत्तर आहे, जरी ते मूर्तीबद्दल बोलत होते. लालबागच्या राजाकडे बघा. मूर्तीची बैठक आणि चेहरा वर्षानुवर्षं तोच आणि मागची आरास दरवर्षी निराळी. लोक दोन्ही बघायला जातात. कागदावरही हेच करता येतं. एक लहान भाग कुणी हात लावायचा नाही असा ठरवायचा आणि बाकी जागा दरवर्षीच्या थीमला मोकळी सोडायची. घोळ होतो तो लोक नावाच्या अक्षरांनाच थीम नेसवतात तेव्हा. समुद्र आला की अक्षरांना लाटा, वारी आली की मात्रेवर पताका. मग दरवर्षी नवं नाव तयार होतं.

रेवती, मी अक्षरांचं काम करते, त्यामुळे याबद्दल थोडं सविस्तर लिहिते. 'गणेशोत्सव' हा शब्द या कामाला फार सोयीचा आहे. त्याला खाली एकही उकार नाही, त्यामुळे तळ सपाट राहतो आणि त्याच्या अगदी जवळ वर्षाची ओळ बसवता येते. वर फक्त णे आणि शो यांच्या मात्रा आहेत. आणि शिरोरेखा सलग आहे. ही शिरोरेखाच तुमची खूण करा. ती शब्दाच्या दोन्ही बाजूंना हवी तेवढी लांब जाऊ द्या. गेटच्या आडव्या बॅनरवर ती या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल, पत्रकावर पानाच्या रुंदीइतकी आणि टीशर्टवर शब्दाबाहेर जेमतेम बोटभर. रेषेची जाडी अक्षरांच्या मानाने तीच, शब्द तोच, बदलते फक्त लांबी. कौस्तुभ, तुमचा समुद्र त्या रेषेखाली पसरू दे किंवा रेषेला टांगलेल्या माशांचं तोरण करा. रेषा आणि अक्षरं मात्र आपल्या रंगात राहतील.

व्हॉट्सअॅपच्या डीपीचा गोल ही वेगळी अडचण. त्यात पूर्ण शब्द कोंबला तर मुंगीएवढा दिसतो. तिथे फक्त 'ग' आणि त्यावर दोन्हीकडे कडेपर्यंत गेलेली शिरोरेखा पुरते.

नाव कुठल्याही फॉन्टमध्ये टाइप करून मोकळं होऊ नका. तुमच्याकडे काढणारी मुलगी आहे तर तिला हाताने काढू द्या. एकदाच काढायचं आहे. फॉन्ट लागेल तो वेळापत्रक, सूचना, स्पर्धांची नावं यांना. त्यासाठी `Mukta` घ्या किंवा `Tiro Devanagari Marathi`. दोन्ही मोफत आहेत आणि छपाईलाही चालतात. दुसऱ्यात ल आणि श आपल्या मराठी वळणाचे मिळतात. पहिला लहान आकारात आणि लांबून वाचायला बरा, त्यामुळे बॅनरला तो.

मिहीर_के

रंगाचं मान्य, तुकडा ठेवायची पद्धत मला माहीत नव्हती. पण फॉन्ट ठरवला तर प्रश्न मिटतो ना? दुकानदाराला फॉन्टची फाइल पाठवून द्यायची.

शाईवाला

निम्मा मिटतो. आमच्या धंद्यात अजून बरेच ऑपरेटर कोरलड्रॉच्या जुन्या आवृत्तीवर आणि श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टवर काम करतात. तुम्ही व्हॉट्सअॅपवर युनिकोडमध्ये मजकूर पाठवता, तो तिथे चिकटवला की एकतर चौकोन येतात किंवा अक्षरं फुटतात. 'विसर्जन'चं 'वसिर्जन' झालेले बॅनर तुम्ही सगळ्यांनी पाहिले असतील. फोटोशॉप आणि इलस्ट्रेटरमध्येही परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांचा कंपोझर चालू केलेला नसेल तर हेच होतं. फॉन्ट बरोबर असतो, जोडाक्षर जुळवणारी यंत्रणा बंद असते.

यावर दोन गोष्टी करा. नावाची अक्षरं कधीही टाइप होणार नाहीत, ती कर्व्हजमध्ये बदललेल्या पीडीएफमध्येच द्यायची. कोरलमध्ये `Ctrl+Q`. मग ती चित्र म्हणून जातात, समोरच्याकडे फॉन्ट असो नसो, फुटत नाहीत. आणि मशीनवर जाण्याआधी प्रूफ मागवा. त्यावर 'चतुर्थी, विसर्जन, स्पर्धा, गणेशोत्सव' हे शब्द शोधून मोठे करून वाचा. रफार, पहिली वेलांटी आणि त्स जागेवर असतील तर बाकी मजकूर सहसा ठीक असतो. फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवली की दाबली जाते आणि दहा फुटांवर ताणल्यावर कडा फाटतात.

प्राजक्ता_बंगळूर

आमच्याकडे गणपती सगळ्यांचा मिळून असतो. मराठी घरं थोडी, कन्नड आणि हिंदी भाषक जास्त. पहिल्या वर्षी तिन्ही लिपींत नाव एकाच आकारात लिहिलं, तर बॅनर रेल्वे स्टेशनच्या पाटीसारखा झाला. कन्नड अक्षरांना आपल्यासारखी सलग शिरोरेखा नाही, त्यामुळे रेषेची युक्ती आम्हाला जमणार नाही. शेवटी आम्ही एक जास्वंदीचं फूल कायम केलं आणि शब्द त्याखाली त्या त्या लिपीत. चालतंय, पण फुलाची खूण दुसऱ्या सोसायट्याही वापरतात, त्यामुळे ती आमचीच राहिलेली नाही. कुणाला याहून बरं सुचत असेल तर सांगा.

दुसरं म्हणजे प्रायोजक. जो जास्त पैसे देतो त्याला आपलं नाव सगळ्यात वर आणि मोठं हवं असतं. गेल्या वर्षी एका बिल्डरचं नाव गणपतीपेक्षा मोठं गेलं. तुम्ही काय करता?

अक्षरवेडी

प्राजक्ता, फुलाचा आकार कुणाचाच नसतो, पण एका विशिष्ट हाताने काढलेलं फूल तुमचं असू शकतं. पाच पाकळ्या आणि लांब परागदांडा हे सगळ्यांचंच असतं. तुमच्या आवाराचं काहीतरी त्यात आणा. गेटची कमान, एखादं जुनं झाड, जे बाहेरच्याला दुसरीकडे दिसणार नाही. तीन लिप्यांचं सोपं उत्तर माझ्याकडेही नाही. मी एक लिपी मोठी आणि बाकी दोन तिच्या एक तृतीयांश उंचीच्या ठेवल्या असत्या, पण कुठली मोठी यावर तुमच्याकडे वाद होईल.

शाईवाला

प्रायोजकांसाठी आधीच खालची पट्टी राखून ठेवा, बॅनरच्या उंचीचा पाचवा भाग. वर्गणी आणि जाहिरातीच्या पत्रातच छापा की नाव या पट्टीत, एका रंगात, इतक्या उंचीचं येईल. पैसे घेतल्यावर सांगितलं तर कुणी ऐकत नाही. गेटबाहेर रस्त्याकडे तोंड करून बॅनर लावणार असाल तर महापालिकेची परवानगी लागते, तेही लक्षात असू द्या.

कौस्तुभ_आर

रेषेची कल्पना आवडली. तरी मला वाटतं एखाद्या वर्षी, समजा २५ व्या, सगळं मोडून नवं करायची मुभा असावी.

रेवती_ठाणे

सगळ्यांचे आभार. दोन आठवड्यांत इथे वाचलेलं करून पाहिलं, ते लिहिते.

नाव एकच ठरलं: 'गणेशोत्सव', खाली लहान अक्षरांत सोसायटीचं नाव. 'महोत्सव', 'सार्वजनिक' वगैरे सगळं काढलं. मुलीने शिरोरेखा लांबवून अक्षरं काढली. तिचा पहिला आराखडा पडद्यावर सुरेख होता, पण आम्ही तो पावती पुस्तकावर येईल तसा, अडीच सेंटीमीटर रुंद छापला आणि त्याची झेरॉक्स काढली. त्स मधली फट बुजली आणि ण एक काळा ठिपका झाला. तिने त्स मोकळा केला, ण चं पोट रुंद केलं, मात्रा थोड्या जाड आणि आखूड केल्या. पुन्हा झेरॉक्सची झेरॉक्स काढली, तीही वाचता आली. मग तेच अक्षर मोठ्या बॅनरलाही घेतलं. पावती पुस्तक एकाच रंगात छापलं जातं, म्हणून एकरंगी रूप आधी पक्कं केलं आणि दोन रंगांचं नंतर. सावली, सोनेरी छटा असं काही ठेवलंच नाही, टीशर्टवर ते स्क्रीनने नीट निघतही नाही.

रंगाची पट्टी काढून गेटवर धरली. मोबाइलवर सगळ्यांना ६० चा आवडला होता, उन्हात तो पिवळट दिसला. ७५ घेतला. जोडीला गडद निळा. दोन्हींचे तुकडे फायलीत लावले.

गेटच्या बॅनरचं गणित असं बसलं. आतापर्यंत दरवर्षी १२ बाय ५ फुटांचा फ्लेक्स नव्याने छापायचो, म्हणजे ६० चौरस फूट. आता वरचा १२ बाय ४ चा भाग कापडी केला आहे. त्यावर नाव, रेषा आणि 'भाद्रपद शुद्ध चतुर्थी' एवढंच. साल नाही, तारीख नाही, तिथी तर दरवर्षी तीच. तो घडी करून ठेवायचा आणि पुन्हा लावायचा. त्याखाली १२ बाय १ ची पट्टी दरवर्षी नवी, तिच्यात १८ वं वर्ष, १४ सप्टेंबर आणि थीम. म्हणजे दरवर्षी छापायचे फक्त १२ चौरस फूट. प्रायोजकांना या बॅनरवर जागाच नाही, त्यांची पट्टी मंडपातल्या बॅनरवर ठेवली. खजिनदारांना हा भाग सगळ्यात आधी पटला. थीमची चित्रं मंडपात, पत्रकावर आणि मोबाइलच्या पोस्टवर, तिथे समितीला पूर्ण मोकळीक.

फायली सोसायटीच्या अधिकृत ईमेलवरच्या ड्राइव्हमध्ये ठेवल्या, कुणाच्या वैयक्तिक खात्यावर नाही. मिहीरने सांगितलेले टेम्प्लेटही त्याच ईमेलच्या कॅनव्हा खात्यावर केले.

```
00_KAYAM/
  naav_2rang_curves.pdf
  naav_1rang_curves.pdf
  ga_gol_DP.png
  Mukta/
  vacha.pdf
2026/
  patti_12x1.pdf
  tshirt_1rang.pdf
```

`vacha.pdf` एका पानाचं आहे. त्यात तीनच गोष्टी आहेत: अक्षरांना हात लावायचा नाही, रंग फायलीतल्या तुकड्याला जुळवायचा, रेषेच्या वर दुसरं काही लिहायचं नाही. जुनी समिती नव्या समितीला हिशोब देते, त्याच बैठकीत हे पान, रंगांचे तुकडे आणि कापडी बॅनर यांचा ताबा द्यायचा, आणि त्याची नोंद इतिवृत्तात करायची.

एक गोष्ट मात्र अडली आहे. नवरात्रातल्या भोंडल्याला आणि होळीलाही हीच रेषा आणि हेच रंग वापरावेत, फक्त शब्द बदलावा असं अर्ध्या लोकांचं म्हणणं आहे. बाकीच्यांना ती खूण गणपतीचीच राहावी असं वाटतं. 'भोंडला'चा प्रयत्न करून पाहिला, त्यावर अनुस्वार आहे आणि भो ची मात्रा त्याच्या अगदी जवळ येते, लहान आकारात दोन्ही एकमेकांत मिसळतात. अक्षरवेडी, यावर काही करता येईल का?

अक्षरवेडी

मात्रा डावीकडे थोडी कलती करा आणि अनुस्वार शिरोरेखेपासून जरा वर उचला, त्याचा ठिपका मात्रेच्या जाडीपेक्षा मोठा नको. तरी मिसळत असेल तर झेरॉक्सचा फोटो इथे टाका, पाहून सांगते. सगळ्या सणांना एकच खूण द्यावी का, याबद्दल माझं मत ती खूण गणपतीचीच राहावी असं आहे, पण ते तुमच्या सर्वसाधारण सभेत ठरू दे.

नाना_गिरगाव

भोंडल्याला हत्ती काढा. पाटावरच्या हत्तीभोवतीच फेर धरतात, त्याला वेगळी खूण कशाला हवी?